कर्जाला नाव, घराला नाही

गृहकर्जाचा फॉर्म सोळा पानांचा होता आणि त्यातली बहुतेक पानं आम्ही एका रविवारी दुपारी, कळव्याच्या भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसून, चहा गार व्हायच्या आत भरून टाकली. नाव, पत्ता, नोकरी, पगार यात अडण्यासारखं काही नव्हतंच. अडलो ते तीन ठिकाणी: सहअर्जदार, मालमत्तेचा तपशील आणि चालू देणी. त्यातल्या दोन ठिकाणी आपण अडलोय हेसुद्धा आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. ते बँकेतल्या मॅडमनी दाखवून दिलं.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचे आकडे कळतील. मला हातात ४६ हजार येतात, नवऱ्याला ३८ हजार. घोडबंदर रोडला वाघबीळच्या आत एक वन बीएचके बघितला होता. सोसायटी २००९ सालची, रीसेल, सौदा ५५ लाखांना ठरलेला. आमची साठवण, माझ्या आईनं दिलेले पैसे आणि मोडलेल्या दोन एफडी मिळून सोळा लाखांच्या आसपास जमत होते. त्यातून स्टॅम्प ड्युटी आणि दलाली वजा केली की घरासाठी साधारण अकरा उरत होते. म्हणजे कर्ज हवं होतं ४४ लाखांचं. तीस लाखांच्या वर आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पंचावन्नचे ऐंशी टक्के बरोबर ४४ लाख. हिशेब इतका चपखल बसला की आम्हाला तो शुभशकुनच वाटला.

सहअर्जदाराच्या पानावर पहिला प्रश्न नात्याचा होता. पती, लिहिलं. त्याच्याखाली एक छोटासा चौकोन होता: सहअर्जदार मालमत्तेचा सहमालक आहे का? होय किंवा नाही. मी सरळ ‘होय’वर खूण करणार होते. नवरा-बायकोचं घर म्हणजे दोघांच्या नावावर, यात विचार काय करायचा? पण ऑफिसमधल्या आमच्या अकाउंट्सच्या काकांनी सांगितलेलं आठवलं आणि पेन थांबलं. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. ठाण्यात मेट्रो सेस वगैरे धरून सात टक्के भरावे लागतात, ते सहा होतात. पण करारात खरेदीदार म्हणून एका जरी पुरुषाचं नाव आलं की सवलत गेली. पंचावन्न लाखांवर एक टक्का म्हणजे ५५ हजार रुपये.

तेव्हा लक्षात आलं की ‘सहअर्जदार’ आणि ‘सहमालक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्म त्या वेगळ्या विचारतो ते उगाच नाही. बँकेचा आग्रह एका बाजूनं असतो. जे जे घराचे मालक असतील त्या सगळ्यांनी कर्जातही यायला हवं, नाहीतर उद्या हप्ते थकले तर एक मालक हात वर करायचा. उलट बाजूनं तसा आग्रह नसतो. मालक नसलेला नवरा, बायको, वडील, मुलगा कर्जात येऊ शकतो. त्याचं उत्पन्न धरलं जातं, त्याची देणीही धरली जातात आणि फेडीची जबाबदारी त्याच्यावर पूर्णच येते, अर्धी नाही. फॉर्मच्या मागच्या पानावर ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ असे शब्द होते. त्यांचा अर्थ असा की मी भरलं नाही तर बँक सगळ्याच्या सगळ्या रकमेसाठी एकट्या त्याच्याकडे जाऊ शकते.

हे मी त्याला वाचून दाखवलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे ह्याचं कर्जाला नाव आणि घराला नाही?” वाक्य इतकं नेमकं होतं की आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. नवरा हसला खरा, पण त्या हसण्यात थोडी खोच होती, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी काकांना करमाफीचं विचारलं, कारण सगळे तेच सांगत होते की दोघांच्या नावावर घ्या, दोघांना माफी मिळते. ते खरं आहे, पण अर्ध्यापर्यंतच. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर दरसाल दोन लाखांपर्यंतची वजावट मिळते आणि ती मिळायला माणूस मालकही असावा लागतो आणि कर्जदारही. पहिल्या वर्षी आमचं व्याज साडेतीन लाखांच्या पुढे जाणार होतं, म्हणजे दोघं मालक असतो तर दोघांनाही बऱ्यापैकी वजावट घेता आली असती. फक्त आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहोत आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. न मिळणाऱ्या माफीसाठी हातातले ५५ हजार घालवायचे का? ज्यांचे पगार मोठे आहेत आणि जे जुन्या प्रणालीत आहेत त्यांचं उत्तर वेगळं येईल. आमचं ‘नाही’वर आलं. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं त्या चौकोनात खूण केली. मी केली असती तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

याच पानावर आणखी एक बारीकशी गोम निघाली. माझं पॅन कार्ड माहेरच्या नावाचं आहे, आधार सासरच्या. दलालानं कराराचा मसुदा आधारवरून केला होता, आणि त्यात नवऱ्याचंही नाव घालून ठेवलं होतं. बँकेला अर्जातलं नाव, पॅनवरचं नाव आणि करारातलं नाव एकाच बाईचं असल्याचं कागदावर दिसायला हवं. लग्नाचं प्रमाणपत्र जोडलं, मसुदा बदलून घेतला. करार नोंदवायच्या आधी हे निघालं म्हणून निभावलं. नोंदणीनंतर निघालं असतं तर चूकदुरुस्तीचा दस्त करत बसावं लागलं असतं.

मालमत्तेचं पान आम्ही दलालाला समोर बसवून भरलं. तिथेच चुकलो. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. क्षेत्रफळ? “सहाशे दहा, मॅडम.” प्रकल्पाचा रेरा क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा? त्यानं खिशातून स्वतःचं कार्ड काढून पुढे केलं, त्यावर क्रमांक होता, तो मी टिपला. एकूण किंमत? त्यानं करार, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि स्वतःची दलाली असं सगळं धरून साठ लाखांच्या वरचा आकडा सांगितला. गाव? ठाणे.

बँकेतल्या मॅडमनी हे पान बघितलं आणि चष्मा डोक्यावर सरकवला. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

पहिली गोष्ट रेराची. दलालाच्या कार्डावरचा क्रमांक A517 नं सुरू होत होता. A म्हणजे एजंट. तो त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक होता. प्रकल्पांचे क्रमांक P नं सुरू होतात. आणि मुळात आमच्या इमारतीला प्रकल्प क्रमांक असायचं कारणच नव्हतं, कारण महारेरा सुरू झालं २०१७ च्या मे महिन्यात आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या कितीतरी आधी मिळालेलं. तिथे ‘लागू नाही’ लिहायचं आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडायची, बस. दलालाचा क्रमांक तसाच पुढे गेला असता तर बँकेचा माणूस तो प्रकल्प म्हणून शोधत बसला असता आणि फाइल आठवडाभर पडून राहिली असती.

क्षेत्रफळाचं थोडं सविस्तर सांगते, कारण रीसेलमध्ये यात जवळजवळ प्रत्येकजण फसतो. फॉर्ममध्ये दोन रकाने होते, कार्पेट आणि बिल्ट-अप. दलालाचे ६१० म्हणजे सुपर बिल्ट-अप, ज्यात जिना, लॉबी, लिफ्टची जागा आणि बिल्डरची कल्पनाशक्ती सगळं येतं. त्या आकड्याला कागदावर आधार नसतो. मॅडमनी विक्रेत्याच्या कराराची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडचा कराराचा गोषवारा, काढायला लावली. तिच्यात ४६.४५ चौरस मीटर बिल्ट-अप होतं. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट, म्हणजे झाले बरोबर ५००. मूळ करारात आतलं कार्पेट ३८.७१ चौरस मीटर, म्हणजे ४१७ चौरस फुटांना जरासं कमी. एका घराची ही तीन मापं, ६१०, ५०० आणि ४१७. फॉर्ममध्ये शेवटची दोन आपापल्या रकान्यात गेली.

यानं फरक काय पडतो, तर बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस टेप घेऊन घरी येतो. आमच्याकडे आला तो मुलगा लेझरवालं यंत्र घेऊन आला होता. भिंतीला टेकवायचा, लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा आणि तो आकडा मोबाइलमध्ये टाकायचा. दहा मिनिटांत सगळं घर मोजून झालं. त्याच्या अहवालातलं माप, इंडेक्स टूमधलं माप आणि अर्जातलं माप जुळलं नाही तर बँक दोन शंका घेते. एक तर अर्जदारानं घर फुगवून दाखवलंय, नाहीतर विक्रेत्यानं गॅलरी आत घेऊन घर वाढवलंय. दोन्हींत कर्ज अडतं. आमच्या विक्रेत्यानं गॅलरीला सरकत्या काचा लावल्या होत्या, पण भिंत पाडलेली नव्हती. त्या मुलानं ती भिंत बोटानं वाजवून बघितली.

किमतीच्या रकान्यात फक्त कराराची किंमत जाते. आम्ही साठ लाखांच्या वर लिहून मनातल्या मनात त्याचे ऐंशी टक्के काढत होतो. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी वगैरे खर्च या टक्केवारीसाठी घराच्या किमतीत धरत नाहीत, ते आपल्या खिशातून. शिवाय कराराची किंमत आणि मूल्यांकनाची किंमत यातली जी कमी असेल ती बँक धरते. आमचं मूल्यांकन पंचावन्नच्या किंचित वर आलं, त्यामुळे पंचावन्नच राहिले.

गावाचं म्हणाल तर ‘ठाणे’ लिहिणं चूक नव्हतं, पण पुरेसं नव्हतं. आपण म्हणतो घोडबंदर रोड, वाघबीळ, अमुक हॉटेलच्या मागे. दस्तात असतं मौजे कावेसर, तालुका आणि जिल्हा ठाणे, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. बँकेचा वकील टायटल शोधतो तो या मौजे आणि सर्व्हे नंबरवरून, सोसायटीच्या कमानीवरच्या नावावरून नाही. इंडेक्स टूमध्ये सर्व्हे नंबर जसा होता तसा, जुना आणि नवा दोन्ही, मी उतरवला. मालमत्तेचं सगळं पान दलालाला विचारून नाही तर इंडेक्स टू समोर ठेवून भरायचं असतं, एवढं साधं होतं ते. दलालाचा राग मात्र मला आला नाही. त्याला घर विकायचं होतं, फॉर्म भरायचा नव्हता.

आता तिसरं पान. ‘विद्यमान दायित्वे’ असं भारदस्त मराठीत छापलेलं आणि खाली तक्ता: संस्थेचं नाव, कर्जाचा प्रकार, मासिक हप्ता, शिल्लक रक्कम, उरलेले हप्ते. मी माझ्या नावापुढे निरंक लिहिलं. नवऱ्यानं बाइकचं कर्ज लिहिलं, हप्ता ४,३०० आणि चौदा हप्ते बाकी. संपलं. त्याखाली दोन ओळींत विचारलं होतं की आपण कुणाला जामीन आहात का. त्यानं ‘नाही’ लिहिलं. खोटं बोलायचा त्याचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्याला खरंच आठवलं नाही.

पगार मिळून ८४ हजार. आमच्या बँकेचं सूत्र असं की सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. काही ठिकाणी हे प्रमाण पगाराप्रमाणे वर-खाली होतं, आमच्यासाठी निम्मं होतं. म्हणजे ४२ हजार. त्यातून बाइकचे ४,३०० गेले की राहिले ३७,७००. त्या वेळी मिळत असलेल्या साडेआठ टक्के व्याजानं पंचवीस वर्षांच्या मुदतीला लाखाला साधारण ८०५ रुपये हप्ता पडतो. भागाकार केला तर ४६ लाखांच्या पुढे. हवे होते ४४. आम्ही खुशीत.

मॅडमनी नवऱ्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं आणि पिवळा हायलायटर घेतला. दर महिन्याच्या पाच तारखेला ४,३००, ही बाइक. त्याच तारखेला आणखी एक ओळ, २,४५०. “हे काय?” नवरा म्हणाला, “मोबाइल. पण ते नो कॉस्ट आहे.” मॅडम म्हणाल्या, “व्याज नाही म्हणून कर्ज नाही असं कुठंय?” दुकानात मोबाइल घेताना ज्या कागदावर सही केली होती तो एका फायनान्स कंपनीचा कर्जकरार होता आणि तो सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात इतर कर्जांसारखाच दिसत होता. चार हप्ते बाकी.

दर दहा तारखेला एका मित्राला पाच हजार जात होते, तेही पिवळे झाले. ती भिशी होती. गंमत म्हणजे हे समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मॅडमना आधी वाटलं की हातउसने घेतलेत आणि फेडतोय. शेवटी भिशीचा नंबर लागला तेव्हा आलेले पैसे स्टेटमेंटमध्ये सापडले, तेव्हा ते सुटलं.

मग त्यांनी सिबिलचा अहवाल आमच्याकडे वळवला. क्रेडिट कार्डावर ३८ हजार दिसत होते. कार्डाचं बिल नवरा दर महिन्याला पूर्ण भरतो, एक रुपयाही व्याज जात नाही. पण अहवालात दिसतो तो बिल निघायच्या दिवशीचा आकडा, आणि बँक त्याचे पाच टक्के दरमहा देणं म्हणून धरते. झाले १,९००.

आणि सगळ्यात खाली एक खातं होतं. गावाकडच्या एका सहकारी बँकेचं वाहनकर्ज, हप्ता ७,२००, आणि नवऱ्याच्या नावापुढे ‘जामीनदार’. चुलत दिराचा टेम्पो. तीन वर्षांपूर्वी गणपतीत गावाला गेलो असताना नवऱ्यानं सह्या केल्या होत्या, चहा पिता पिता. टेम्पो मला माहीत होता, सह्या नव्हत्या. मी नवऱ्याकडे बघितलं. तो अहवालाकडे बघत होता.

त्या खात्यासमोर महिन्या-महिन्याचे छोटे चौकोन होते आणि त्यातल्या दोनांत शून्याऐवजी आकडे होते. हप्ता किती दिवस उशिरा भरला गेला, ते. दिरानं पावसाळ्यात दोनदा उशीर केला होता आणि त्याची खूण आमच्या माणसाच्या अहवालात उमटली होती.

मॅडमनी कॅल्क्युलेटर आमच्यासमोरच ठेवला. बाइक ४,३००, मोबाइल २,४५०, कार्ड १,९००, जामीन ७,२००. एकूण १५,८५०. बेचाळीस हजारांतून ते गेले की उरतात २६,१५०. त्यावर कर्ज बसतं साडेबत्तीस लाखांच्या आसपास. चव्वेचाळीसला साडेअकरा लाख कमी. त्या घरात मनातल्या मनात मी पडदेसुद्धा लावून झाले होते.

बाहेर येऊन आम्ही नौपाड्यात एका टपरीवर उभे राहिलो. भांडण व्हायचं ते तिथेच झालं, हळू आवाजात. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दलालाकडे उपाय तयार होता. “सासऱ्यांना घ्या की तिसरे अर्जदार. पेन्शन आहे ना?” बाबांना २७ हजार पेन्शन आहे आणि ते लगेच तयारही झाले. पण मॅडमनी सांगितलं की त्यांचं उत्पन्न हिशेबात धरायचं तर मुदतही त्यांच्या वयाला बांधली जाते. बाबा ६४ वर्षांचे, या बँकेची मर्यादा सत्तरची. पंचवीसऐवजी सहा वर्षं. सहा वर्षांत ४४ लाख फेडायचे तर हप्ता दोघांच्या निम्म्या पगाराच्या कितीतरी पुढे जातो. कर्जात माणूस वाढला की ताकद वाढते असं वाटतं, पण त्याच्याबरोबर त्याचं वयही आत येतं.

मुदत वाढवून तीस वर्षं करायचीही सोय नव्हती. नवरा ३४ चा, साठाव्या वर्षी निवृत्त. सव्वीसच वर्षं हातात.

मग उरलं एकच, देणी कमी करणं. मोबाइलचे चार हप्ते म्हणजे ९,८००, ते त्याच संध्याकाळी ॲपवरून भरून खातं बंद केलं. कार्ड त्या महिन्यात बिल निघायच्या आधीच रिकामं केलं आणि शून्याचं बिल येईपर्यंत कार्डाला हात लावला नाही. जामिनासाठी नवरा गावाला गेला आणि सहकारी बँकेतून दिराच्या कर्जखात्याचा बारा महिन्यांचा उतारा घेऊन आला, हप्ते दिराच्याच खात्यातून जातात हे दाखवायला. जामिनातलं कर्ज मूळ कर्जदार वेळेवर फेडत असेल तर आमची बँक तो हप्ता जामीनदाराच्या माथी मारत नाही. पण इथे ते दोन उशीर आडवे आले. मॅडमनी वरच्या ऑफिसला विचारलं, वरून ‘नाही’ आलं. ७,२०० धरणार म्हणजे धरणारच. जामीनदार बदलून घेता येतो, पण त्याला दुसरा जामीनदार लागतो आणि सहकारी बँकेची मीटिंग लागते. आमच्या विसार-पावतीची मुदत तोवर संपली असती.

तर हिशेब राहिला असा: बाइक ४,३०० आणि जामीन ७,२००. बेचाळीसमधून ते गेले की ३०,५००, त्यावर कर्ज अडतीस लाखांच्या आत. सहा लाख अजून कमी.

आणि इथे ते ५५ हजार आठवले. बाइकचे चौदा हप्ते एकदम मिटवायचे तर फायनान्सवाल्यांनी जवळपास ५६ हजार सांगितले. स्टॅम्प ड्युटीत वाचणार होते ५५. बाइक मिटवली की उरतात ३४,८००, त्याला ८०५ नं भागलं तर ४३ लाख आणि थोडे वर. हप्ता सुमारे ३४,६००. चौदा महिन्यांत संपणारा ४,३०० चा हप्ता आमच्या कर्जातले पाच लाखांहून जास्त खात होता, हे मला कागदावर मांडूनही खरं वाटेना. घरासाठी अजून एक लाख कमी पडत होते, ते माझ्या भावानं दिले. त्याचं देणं फॉर्ममध्ये कुठे लिहायचं हे मी मॅडमना प्रामाणिकपणे विचारलं. त्यांनी विचारलं, परत करायचेत की भेट आहे? भावाला फोन लावला. तो म्हणाला, “भाऊबीज समज, पुढच्या दहा वर्षांची.” त्यानं तसं लिहून दिलं.

नवरा बाइकची नोड्यू, म्हणजे कर्ज मिटल्याचं पत्र, घेऊन आला, मोबाइलचीही. ही पत्रं लागतातच, कारण कर्ज आज मिटवलं तरी सिबिलमध्ये ते बंद दिसायला काही दिवस जातात आणि तोवर अहवाल जुनंच सांगत राहतो. आम्ही दायित्वांचं पान नव्यानं भरलं. या वेळी त्यानं पहिल्या ओळीत स्वतःहून लिहिलं: वाहनकर्ज, जामीनदार, ७,२००, उरलेले हप्ते २२. अहवाल घरबसल्या वर्षातून एकदा फुकट काढता येतो, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून. तो आम्ही त्या रविवारी फॉर्म भरायच्या आधी काढला असता तर टपरीवरची ती अर्धी संध्याकाळ वाचली असती, आणि कदाचित सह्यांचं मला घरातच कळलं असतं.

मंजुरीचं पत्र अकराव्या दिवशी आलं. ४३ लाख, तीनशे हप्ते, अर्जदार मी, सहअर्जदार तो.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात माझा फोटो निघाला, अंगठा लागला, विक्रेत्याचा लागला. नवऱ्याला खरेदीदाराच्या बाजूला जागाच नव्हती, म्हणून तो ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून उभा राहिला. क्लार्कनं विचारलं, “यांना किती वर्षांपासून ओळखता?” तो म्हणाला, “सात. पण अजून थोडी माहिती मिळायची आहे.” मी म्हटलं, “मला जास्त.”

तिथून थेट बँकेत गेलो, कर्जाच्या करारावर सह्या करायला. तिथे मात्र दोघांच्याही सह्या प्रत्येक पानावर. बेचाळिसाव्या पानाला त्याचं पेन संपलं.